कोटेशन न देण्याचं पत्र

भोसरीत कंट्रोल पॅनेल बनवणारा चौदा माणसांचा एखादा कारखाना डोळ्यांपुढे आणा. मोठ्या कंपनीकडून एन्क्वायरी येते: ९० पॅनेल, १० आठवड्यांत, उशीर झाल्यास दर आठवड्याला अर्धा टक्का दंड. कारखान्यात आठवड्याला सहा पॅनेल तयार होतात आणि त्यांतली चार जुन्या ऑर्डरींत अडकलेली आहेत. म्हणजे १० आठवड्यांत हाती उरतात फक्त २०. हे काम पेलणार नाही, हे लगेच दिसतं. ते कळवायचं कसं, एवढंच ठरवायचं असतं.

बरेच लघुउद्योजक गप्प बसतात. पण खरेदी विभागाला बहुधा किमान तीन कोटेशनं लागतात. तिथला अधिकारी शेवटच्या तारखेपर्यंत वाट पाहतो, नवा पुरवठादार शोधायला त्याला वेळ उरत नाही आणि पुढच्या वेळी आपलं नाव यादीतून गळतं. काहीजण मुद्दाम चढा भाव भरतात. हे त्याहून वाईट, कारण तुलनेच्या तक्त्यात तोच आपला दर म्हणून नोंदला जातो. बाकीचे मागे हटले तर ऑर्डरही गळ्यात पडते.

त्यापेक्षा दोन-तीन दिवसांत रिग्रेट लेटर पाठवावं. ते असं लिहिता येईल:

‘आपली एन्क्वायरी मिळाली, आभारी आहोत. ९० पॅनेल १० आठवड्यांत देणं आमच्या सध्याच्या क्षमतेत बसत नाही, म्हणून या वेळी कोटेशन देत नाही. याच मुदतीत २० पॅनेलपर्यंतचा वेगळा लॉट निघाल्यास जरूर कळवावं. फेब्रुवारीपासून आम्ही आठवड्याला पाच पॅनेल देऊ शकू. आपली ड्रॉइंग्ज गोपनीय ठेवली असून सांगाल तशी परत करू किंवा नष्ट करू.’

या पत्राचा जीव ‘२०’ आणि ‘फेब्रुवारी’ या दोन शब्दांत आहे. ‘भविष्यात संधी द्यावी’ या वाक्यातून अधिकाऱ्याला काहीच कळत नाही; आकडा आणि महिना दिला की आपल्याला कधी आणि कशासाठी बोलवायचं ते कळतं. मात्र जुनी ऑर्डर जानेवारीत खरोखर संपणार असेल तरच फेब्रुवारी लिहावा.

नकाराचं कारण उधारी असेल तर तेही सौम्यपणे लिहावं. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. एन्क्वायरीत ९० दिवस असतील तर ‘४५ दिवसांची अट मान्य झाल्यास आम्ही कोटेशन देऊ’ एवढं पुरे. कायद्याचा धाक घालू नये, आणि अंदाजे भाव तर मुळीच लिहू नये. तो कोटेशनसारखाच वापरला जातो.

मेलच्या विषयात एन्क्वायरी क्रमांक टाकावा. एन्क्वायरी पोर्टलवरून आली असेल तर तिथेही ‘रिग्रेट’ नोंदवावं, कारण पुष्कळ ठिकाणी मेल एकाकडे जातो आणि पुरवठादारांची यादी दुसराच सांभाळतो.