वीरगळ कसा वाचायचा?

माझं पहिलं पुस्तक 'वीरगळ वाचताना' या आठवड्यात छापून आलं.

परवा एका गावात देवळामागे शेंदूर फासलेला दगड दिसला. "हा कुठला देव?" शेजारच्या आजींनी विचारलं. तो वीरगळ होता, म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचं स्मारक.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली आडवा पडलेला वीर. त्याच्या वर लढाई. मग अप्सरा त्याला स्वर्गात नेताना. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहील.

लढाईजवळ गायी कोरल्या असतील तर तो बहुधा गोधन वाचवताना पडला. बोरिवलीच्या एकसर गावातल्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे!

बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, त्यामुळे वीराचं नाव सांगता येत नाही. पुस्तकातही मी अंदाजाने नावं जोडलेली नाहीत. दगड ओळखावा कसा, एवढंच त्यात आहे. शेंदराचे थर मात्र खरवडू नका, कोरीव काम निघून येतं. सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा, झिजलेल्या रेषाही उठून दिसतात.

तुमच्या गावात असा दगड असेल तर फोटो टाका, मिळून वाचू. पुस्तक वाचलंत तर काय पटलं नाही तेही कळवा.