सहा तास आणि एक बादली

‘तिथे नीट वागवतात का रे?’ देहदानाचा फॉर्म भरताना आरे कॉलनीतल्या आजोबांनी मला विचारलं होतं. उत्तर माहीत नव्हतं. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलासोबत अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसलो, तो त्या प्रश्नासाठीच.

आजोबा दुपारी साडेतीनला घरीच गेले. फॅमिली डॉक्टरांनी मृत्यूचा दाखला दिला, नेत्रपेढीची माणसं येऊन डोळे घेऊन गेली, आणि आरेच्या युनिटमधून निघून हायवेच्या गर्दीतून उपनगरातल्या त्या वैद्यकीय महाविद्यालयात पोचेस्तोवर साडेआठ वाजले. शरीररचनाशास्त्र विभागाचे अटेंडंट, ज्यांना सगळी मुलं मामा म्हणतात, त्यांनी आधी घड्याळ पाहिलं. ‘पाच तास. सहाच्या आत आणलंत, बरं झालं.’ मग पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, चादर सरकवून बघितली. देह सडायला लागला की बहुधा तिथली कातडी आधी हिरवट दिसू लागते. अंगावर मोठे बेडसोअर नाहीत ना, दाखल्यात कावीळ, एड्स, क्षयासारखं काही नाही ना, हेही पाहिलं. असं काही निघालं, किंवा पोलीस केस असली, तर देह घेत नाहीत.

विभागप्रमुखांनी मला लांब उभं राहायची परवानगी दिली. शेजारच्या हॉलमध्ये परीक्षेमुळे पहिल्या वर्षाची मुलं रात्रीही थांबली होती. त्यातल्या एका मुलीची ही हॉलमधली पहिलीच रात्र. फॉर्मलिनने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओढणी नाकाला. मामांनी तिलाच हाक मारली, ‘ये गं, टाकी धर.’

मांडीच्या वर, जांघेजवळ, मामांनी छोटा छेद दिला, रोहिणी शोधली आणि तीत नळी बसवली. नळीचं दुसरं टोक उंचावर टांगलेल्या टाकीला. आत फॉर्मलिन, पाणी आणि देह वाळून कडक होऊ नये म्हणून ग्लिसरीन. साधारण दहा लिटर, तेही घाई न करता, नुसत्या उंचीच्या जोरावर उतरू द्यायचं. तासाभराने कपाळाच्या शिरा वर आल्या, हाताची बोटं टणक झाली. पण डाव्या पायाची बोटं मऊच. ‘म्हाताऱ्या माणसाच्या रक्तवाहिन्या चुन्यासारख्या होतात, गुठळी अडकते, पुढे जात नाही,’ मामा म्हणाले. सोडलं असतं तर तो पाय आतून कुजला असता. त्यांनी मोठी सिरिंज भरली आणि पोटरीत, तळव्यात, बोटांच्या मधे जागोजागी टोचली. मुलीने पाऊल धरलं होतं, दोन्ही हातांनी, टाच तळहातावर घेऊन. ‘दुखेल’ असं ती पुटपुटली आणि स्वतःच ओशाळली. मामा हसले नाहीत.

‘हे आमच्या टेबलवर येणार?’ तिने विचारलं.

‘नाही. हे मुरायला काही महिने जातात. पुढची बॅच.’

तिचं टेबल पलीकडे होतं, कुणा अनोळखी दात्याचं. छाती आणि काख उघडलेली. चेहरा आणि कंबर ओल्या फडक्याखाली झाकलेली. काम संपलं की कातडीची घडी जागेवर ठेवून वरून ओलं फडकं, नाहीतर सकाळपर्यंत स्नायू काथ्यासारखे वाळतात. टेबलाखाली एक बादली, तिच्यावर टेबलाचाच नंबर. काढलेली चरबी, कातडीचे तुकडे, सगळं त्याच बादलीत. वर्ष संपलं की त्या देहाचं जे उरेल त्यासोबत बादलीतलंही जातं, अंत्यसंस्काराला. एका मुलाने तुकडा शेजारच्या बादलीत टाकला तेव्हा मामांनी तो चिमट्याने उचलायला लावला. मुलं देहासमोर घेतात त्या शपथेपेक्षा मला ही बादली जास्त खरी वाटली.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. मुंबई प्रांताचा शरीररचनाशास्त्राचा कायदा १९४९चा. पण तो कायदा मुळात बेवारस देहांसाठी होता. कुणी न विचारता टेबलावर आलेल्या माणसांवर कित्येक डॉक्टर शिकले. स्वतःहून फॉर्म भरून येणारा माणूस निराळा, पण त्या बादल्या दोघांसाठी सारख्याच असाव्यात असं माझं म्हणणं आहे.

साडेअकराला आजोबांच्या मुलाने बाहेर मला विचारलं, ‘झालं?’ मी म्हटलं, अजून टाकी चालू आहे.

फॉर्म भरलाय म्हणून निर्धास्त राहू नका. तो फक्त तुमची इच्छा सांगतो. शेवटी सही जवळच्या नातेवाइकाची लागते आणि त्याने नकार दिला तर महाविद्यालय देह घेत नाही. तेव्हा घरात आताच बोलून ठेवा, महाविद्यालयाचा फोन नंबर फ्रिजवर लावा आणि दाखला देणारे डॉक्टर कोण हे ठरवा. सहा तास म्हणजे मुंबईच्या रस्त्यांवर फार वेळ नव्हे.