विश्लेषण : डी-डायमर ६२० आला, आता सीटी स्कॅन करायचा की नाही?

कोडोलीतल्या एखाद्या दवाखान्यात एकाच सकाळी तीन रुग्ण आले आहेत, अशी कल्पना करू. पहिली ३४ वर्षांची शिक्षिका. दोन दिवसांपासून श्वास घेताना उजव्या बरगडीखाली टोचते. दुसरे ६८ वर्षांचे शेतकरी, चालताना दम लागतो म्हणून आलेले. तिसऱ्या ५८ वर्षांच्या काकू. दोन आठवड्यांपूर्वी गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि कालपासून अचानक धाप लागते आहे. तिघांच्याही हातात प्रयोगशाळेचा कागद आहे आणि तिघांचाही डी-डायमर ६२० आहे. कागदावर शेजारी ठळक अक्षरांत लिहिले आहे, ‘५०० पेक्षा कमी असावा’.

यापैकी दोघांना सीटी स्कॅनची गरज नाही. तिसऱ्या काकूंना तो तातडीने हवा आहे आणि त्यांची डी-डायमर चाचणी करायलाच नको होती. आकडा एकच असताना उत्तरे वेगळी का, हे पाहू.

शंका नेमकी कशाची?

पायाच्या किंवा ओटीपोटातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते, तिथून सुटते, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे जाते आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकते. यालाच पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. गुठळी मोठी असेल तर काही तासांत जीव जाऊ शकतो. अडचण अशी, की या आजाराचे स्वतःचे असे लक्षण नाही. दम, छातीत टोचणे, धडधड, कधी थुंकीतून रक्त. हे सगळे न्यूमोनियात, दम्यात, हृदयविकारात आणि साध्या स्नायूच्या दुखण्यातही होते. छातीचा एक्स-रे आणि ईसीजी अगदी सरळ आले तरी गुठळी नाही असे म्हणता येत नाही.

मग प्रत्येकाचा स्कॅन का करू नये? कारण या स्कॅनमध्ये शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडतात, त्याची कुणाला अॅलर्जी होते, किडनी आधीच कमजोर असेल तर तिच्यावर ताण येतो. किरणोत्सर्गही साध्या एक्स-रेच्या तुलनेत कितीतरी जास्त असतो. तरुण स्त्रियांच्या स्तनांवर तो पडतो, हे डॉक्टर विशेष ध्यानात ठेवतात. शिवाय गरज नसताना स्कॅन केला की कधी धमनीच्या अगदी टोकाला एखादी बारीकशी सावली दिसते, ती खरी गुठळी की चित्रातला दोष हे ठरत नाही आणि रुग्ण किमान तीन महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर जातो. त्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. कोडोलीहून कोल्हापूरला जाण्या-येण्याचा आणि स्कॅनचा खर्च वेगळाच.

चाचणीच्या आधीचा प्रश्न

म्हणून पहिली पायरी प्रयोगशाळेत नाही, तपासणीच्या टेबलावर आहे. रुग्णाला पाहून, नाडी मोजून, पाय दाबून डॉक्टरांनी ठरवायचे असते की याला गुठळी असण्याची शक्यता किती. अनुभवी डॉक्टर हे अंदाजाने करतात. पण अंदाज डॉक्टरागणिक बदलतो. कॅनडातील डॉ. फिलिप वेल्स यांनी त्यासाठी गुणांची पद्धत तयार केली आणि आज ती जगभर वापरली जाते.

तिसऱ्या काकूंवर ती लावून पाहू. डावी पोटरी सुजलेली आणि दाबल्यावर दुखते, म्हणजे पायात गुठळीची चिन्हे आहेत : ३ गुण. दम लागण्याचे दुसरे कोणतेही कारण गुठळीपेक्षा जास्त पटण्यासारखे नाही : आणखी ३. नाडी मिनिटाला ११२, म्हणजे शंभराच्या वर : दीड. गेल्या चार आठवड्यांत शस्त्रक्रिया : दीड. एकूण ९. (पूर्वी कधी गुठळी झाली असती तर आणखी दीड, थुंकीतून रक्त किंवा कर्करोग असता तर प्रत्येकी १ गुण मिळाला असता.) ४ पेक्षा जास्त गुण म्हणजे ‘गुठळीची शक्यता मोठी’. अशा रुग्णाला थेट स्कॅन. डी-डायमर नाही.

शिक्षिकेची नाडी ८८, पाय ठीक, गेला आठवडाभर खोकला होता आणि बरगडीवर बोट ठेवले की दुखते. गुण शून्य. शेतकऱ्यांची नाडी १०४ आहे, त्याचे दीड गुण, बाकी काही नाही. या दोघांची शक्यता कमी. डी-डायमर अशाच रुग्णांसाठी आहे.

मुंबईहून रात्रभर बसने आलो, मग गुण नाहीत का, असे रुग्ण हमखास विचारतात. लांबचा प्रवास डॉक्टर ऐकून घेतात, पण वेल्सच्या यादीत त्याला गुण नाहीत.

डी-डायमर काय सांगतो आणि काय नाही

हा शब्द कोविडमध्ये घरोघरी पोहोचला आणि तिथेच त्याचा अर्थही बिघडला. शरीरात गुठळी झाली की ती विरघळवण्याचे कामही सुरू होते. गुठळीतले फायब्रिनचे धागे तुटतात आणि त्यांचे तुकडे रक्तात येतात. हे तुकडे म्हणजे डी-डायमर. पण असे धागे जखम भरतानाही तुटतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर, गरोदरपणात, न्यूमोनियात, डेंग्यूत, कर्करोगात आणि नुसत्या वाढत्या वयातही हा आकडा वाढतो.

तेव्हा वाढलेला डी-डायमर गुठळी सिद्ध करत नाही. त्याचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे. मुळात शक्यता कमी असलेल्या रुग्णात तो कमी आला, तर गुठळी नाही असे धरून स्कॅन टाळता येतो. काकूंमध्ये तो ६२० आला काय किंवा ३०० आला काय, निर्णय बदलत नाही. मुळातली शक्यता एवढी मोठी असताना चाचणी थोडी जरी चुकली तरी गुठळी नजरेतून सुटेल. आणि ३०० आला असता तर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून कुणीतरी त्यांना घरी पाठवण्याचा धोका होता.

मग ५०० ची रेषा?

ही रेषा सर्वांना सारखी लावली, तर साठी-सत्तरीतले बहुतेक लोक विनाकारण स्कॅनच्या रांगेत जातात. म्हणून पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून मर्यादा काढतात. ६८ वर्षांच्या शेतकऱ्यांची मर्यादा ६८०. त्यांचा ६२० त्याखाली आहे. युरोपातील चार देशांत हा नियम तपासणारा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ५०० च्या वर पण वयानुसारच्या मर्यादेखाली असलेल्या ३३१ जणांना स्कॅनशिवाय सोडले होते. पुढच्या तीन महिन्यांत त्यांपैकी एकालाच गुठळीचा त्रास झाला. शेतकऱ्यांचा दम मात्र तसाच आहे. त्यांचे हिमोग्लोबिन, हृदय आणि फुप्फुस तपासायचे काम अजून बाकी आहे. गुठळी नाही म्हणजे आजार नाही असे नव्हे.

शिक्षिकेचे वय ३४, तिला वयाची सूट नाही. तिच्यासाठी ‘इयर्स’ नावाची दुसरी पद्धत आहे, नेदरलँड्समध्ये तपासलेली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली. तीच प्रश्न विचारायचे : पायात गुठळीची चिन्हे आहेत का, थुंकीतून रक्त येते का, डॉक्टरांना गुठळीचीच शंका सर्वात जास्त आहे का? तिन्ही उत्तरे ‘नाही’ असतील तर मर्यादा १००० धरायची. एक जरी ‘हो’ असेल तर ५००. सुमारे साडेतीन हजार रुग्णांच्या त्या अभ्यासात, ज्यांना गुठळी नाही म्हणून सोडले त्यांच्यापैकी १ टक्क्याहून कमी लोकांना पुढच्या तीन महिन्यांत गुठळी आढळली. शिक्षिकेची तिन्ही उत्तरे ‘नाही’. ६२० मध्ये तिचा स्कॅन टळला.

एक अट आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे रिपोर्ट हातात येण्याआधी लिहायला हवीत. ६२० पाहिल्यावर ‘तशी शंका होतीच’ असे वाटणे फार सोपे असते.

खरे तर शिक्षिकेची रक्तचाचणीही टळू शकली असती. अमेरिकेतील डॉ. जेफ्री क्लाइन यांची आठ प्रश्नांची यादी आहे. डॉक्टरांना शंका मुळातच कमी असेल आणि वय ५० च्या आत, नाडी शंभराच्या आत, ऑक्सिजन ९५ किंवा जास्त, थुंकीत रक्त नाही, एकाच पायाला सूज नाही, चार आठवड्यांत शस्त्रक्रिया किंवा मोठी दुखापत नाही, पूर्वी गुठळी झालेली नाही आणि इस्ट्रोजेन असलेले औषध सुरू नाही, तर काहीही न तपासता थांबता येते. शिक्षिका शेवटच्या मुद्द्यावर अडकली. ती गर्भनिरोधक गोळ्या घेते. हे तिने आपणहून सांगितले नव्हते, विचारल्यावर सांगितले.

रिपोर्टवरचे एकक आणि ‘एचआरसीटी’

दोन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. डी-डायमर मोजण्याची दोन एकके आहेत, एफईयू आणि डीडीयू. एफईयूचा आकडा साधारण दुप्पट येतो. वरच्या सगळ्या मर्यादा एफईयूमधल्या, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आहेत. रिपोर्ट डीडीयूमध्ये असेल तर ५०० ची रेषा २५० होते आणि त्यातला ४०० हा ‘कमी’ नसून वाढलेला असतो. ‘०.६२ मायक्रोग्रॅम’ लिहिले असेल तर तो ६२० नॅनोग्रॅमच.

दुसरा गोंधळ स्कॅनचा. कोविडमध्ये छातीचा जो एचआरसीटी झाला, तो शिरेत औषध न देता होतो. त्यात फुप्फुसाची जाळी दिसते, धमनीतली गुठळी दिसत नाही. गुठळीसाठी सीटी पल्मनरी अँजिओग्राम लागतो. औषध फुप्फुसाच्या धमनीत भरलेले असण्याच्या नेमक्या क्षणी यंत्राने चित्रे घ्यावी लागतात. वेळ चुकली किंवा रुग्णाला काही सेकंद श्वास रोखता आला नाही, तर चित्र धूसर येते. अहवालात ‘तपासणी अपुरी’ लिहिले असेल, तर त्याचा अर्थ ‘गुठळी नाही’ असा होत नाही.

हे नियम कुणाला लागू नाहीत?

आधीपासून रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांचा आणि लक्षणे दोन-तीन आठवडे जुनी असणाऱ्यांचा डी-डायमर फसवा कमी येऊ शकतो. गरोदर स्त्रियांसाठी पायऱ्या वेगळ्या आहेत. पाय सुजला असेल तर आधी पायाची सोनोग्राफी करतात, तिथे गुठळी सापडली की स्कॅनशिवाय उपचार सुरू होतात. रक्तदाब कोसळलेला, चक्कर येऊन पडलेला रुग्ण असेल तर गुण मोजत बसायचे नसते.

काकूंना आता कोल्हापूरला न्यायचे आहे, पंचवीस-तीस किलोमीटर. शक्यता इतकी मोठी असताना स्कॅनची वाट पाहत उपचार थांबवत नाहीत. रक्तस्रावाचा मोठा धोका नसेल, तर हेपारिनचे पहिले इंजेक्शन निघण्याआधीच देतात. गुडघ्याची जखम ताजी आहे, म्हणून हा निर्णय शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन करून घेणे बरे. चिठ्ठीवर इंजेक्शनची वेळ आणि मात्रा लिहायची, आणि स्कॅनचे नाव पूर्ण लिहायचे : सीटी पल्मनरी अँजिओग्राम.