ताईचा मेसेज, धाकट्याचं उत्तर

पुण्यात नोकरी करणारी ताई साताऱ्यात दहावीत असलेल्या भावाला लिहिते : “बोर्डाचं वर्ष आहे. मोबाइल बाजूला ठेव. आई-बाबा किती राबतात, बघ जरा. तुझ्या वयात मी पहाटे पाचला उठायचे.” निळ्या टिका उमटतात, उत्तर येत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी 1966 मध्ये याचं कारण मांडलं. आपलं स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं, की माणूस ते परत मिळवायला धडपडतो. कधी मुद्दाम उलटही वागतो. ताईच्या मेसेजमध्ये हुकूम आहे, अपराधीपणा आहे, तुलना आहे. पण भावाने आत्ता नेमकं काय करायचं, ते नाही.

म्हणून आधी या तिन्ही गोष्टी काढायच्या. मग त्यानेच सांगितलेली एक अडचण घ्यायची आणि निवड त्याच्या हाती द्यायची : “भूमितीत समरूपता डोक्यावरून जाते म्हणालास ना? दोन उदाहरणं मिळून सोडवू या? आज नऊला की रविवारी सकाळी? नको असेल तर तसं सांग.”

शेवटचं वाक्य मनापासून हवं. भावाने “नको” कळवल्यावर ताईने पुन्हा “का नको?” विचारलं, तर दिलेली निवड खोटी ठरते आणि पुढचा मेसेज न वाचताच राहतो.