एनपीएस, एसआयपी आणि फॉर्म १६ : शिक्षकांनी वर्षाची फाइल कशी लावावी?

यवतमाळ जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्या शिक्षकांच्या पगारातून आधी डीसीपीएस आणि आता एनपीएसची कपात होते. रिटर्न भरताना बहुतेक जण फक्त फॉर्म १६ समोर घेतात. मात्र एनपीएसच्या बाबतीत तेवढे पुरत नाही.

समजा, दारव्हा तालुक्यातील एका शिक्षिकेचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला ६०,००० रुपये आहेत. त्यातून १० टक्के म्हणजे ६,००० रुपये कापले जातात आणि शासन १४ टक्के म्हणजे ८,४०० रुपये भरते. वर्षभरात शासनाचा वाटा १,००,८०० रुपये होतो. हे पैसे हातात येत नसले तरी आयकराच्या दृष्टीने ते उत्पन्न आहे. त्यामुळे ही रक्कम आधी पगारात मिळवायची आणि मग कलम ८०सीसीडी(२) खाली वजा करायची असते. ही वजावट नव्या करप्रणालीतही मिळते. स्वतःच्या ६,००० रुपयांवरची वजावट मात्र फक्त जुन्या प्रणालीत मिळते.

चूक होते ती इथेच. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये या शिक्षिकेचा घरभाडे भत्त्यासह पगार ७,७०,००० रुपये होता असे धरू. नव्या प्रणालीतील ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन ६,९५,००० उरतात. त्या वर्षी ७ लाखांपर्यंत करसवलत असल्याने कर शून्य. पण फॉर्म १६ मध्ये शासनाचा वाटा पगारात मिळवला आणि वजा करायचा राहिला, तर करपात्र उत्पन्न ७,९५,८०० होते आणि उपकरासह सुमारे ३०,७६० रुपये कर निघतो. उलट, वाटा पगारात मिळवलेलाच नसताना वजा केला, तर उत्पन्न कमी दाखवल्यासारखे होते आणि नोटीस येऊ शकते. म्हणून फॉर्म १६ च्या भाग ‘ब’मध्ये ही रक्कम दोन्ही ठिकाणी आहे का, हे आधी पाहावे.

ही रक्कम पडताळण्यासाठी शालार्थच्या बारा पगारपत्रकांशी एनपीएसचे व्यवहार विवरण जुळवावे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मार्चचा पगार एप्रिलमध्ये होतो, म्हणून पगाराचे करवर्ष मार्च ते फेब्रुवारी असे धरले जाते. विवरणात मात्र पैसे जमा झाल्याची तारीख असते आणि ती पगारानंतर काही दिवसांनी किंवा उशिरानेही पडते. त्यामुळे दोन्हीकडच्या बेरजा जुळत नाहीत. बेरीज जुळवण्यापेक्षा प्रत्येक नोंदीपुढे लिहिलेला महिना पाहून टिक करावी. एखादा महिना सुटला असेल तर तो लगेच दिसतो आणि त्या महिन्याच्या पगारपत्रकासह कार्यालयात अर्ज करता येतो.

भांडवली नफ्याचा कागद वेगळा असतो. पुसदच्या एका शिक्षकाने जून २०२२ पासून दर महिन्याच्या ५ तारखेला इक्विटी फंडात एसआयपी भरली आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी सगळे युनिट विकले, असे समजा. त्यांच्या ३० हप्त्यांपैकी पहिले १८ हप्ते बारा महिन्यांहून जुने, म्हणून त्यांचा नफा दीर्घकालीन ठरतो. असा १.२५ लाखांपर्यंतचा नफा करमुक्त असतो, पण तो रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. उरलेल्या १२ हप्त्यांवरचा नफा अल्पकालीन असून त्यावर २० टक्के कर लागतो. अल्पकालीन नफा आला की आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो.

ही विभागणी हाताने करत बसू नये. कॅम्स आणि केफिनटेक या दोन संस्थांकडून ईमेलवर भांडवली नफ्याचे विवरण मिळते. फंड दोन्हीकडे असतील तर दोन्ही विवरणे हवीत. एका योजनेतून दुसऱ्या योजनेत ‘स्विच’ केले तरी ती विक्रीच धरली जाते. बँकेत पैसे आले नाहीत म्हणून ती नोंद अनेकांच्या नजरेतून सुटते. आयकर पोर्टलवरच्या एआयएसमध्ये ती दिसते, तेव्हा दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत.

फाइल लावायची ती आर्थिक वर्षाप्रमाणे. एका वर्षाच्या फोल्डरमध्ये फॉर्म १६, पगारपत्रके, एनपीएस विवरण, भांडवली नफ्याचे विवरण, एआयएस, वजावटीचे पुरावे आणि भरलेल्या रिटर्नची पोच ठेवावी. नावे अशी द्यावीत :

```
2024-25_Form16.pdf
2024-25_NPS.pdf
2024-25_CapitalGain_CAMS.pdf
```

डीसीपीएसच्या जुन्या हिशेबचिठ्ठ्या मात्र या वार्षिक फोल्डरमध्ये टाकू नयेत. त्यांची वेगळी फाइल निवृत्तीपर्यंत जपावी. एनपीएसमध्ये वर्ग झालेल्या रकमेत जुना एखादा महिना कमी निघाला, तर कपात झाल्याचा पुरावा त्या चिठ्ठीत आणि त्या महिन्याच्या पगारपत्रकातच असतो.