फ्रिजवरची ‘दहा वर्षे’ नेमकी कशाची?

फ्रिजच्या दारावर ‘१० वर्षे वॉरंटी’ असे ठळक स्टिकर असते. वॉरंटी कार्ड उघडले की बहुतेक वेळा वेगळे चित्र दिसते: संपूर्ण फ्रिजला एक वर्ष आणि दहा वर्षे फक्त कॉम्प्रेसरला. दाराचे रबर, बल्ब, काचेचे कप्पे अनेकदा पहिल्या वर्षातही वगळलेले असतात.

समजा, चौथ्या वर्षी कॉम्प्रेसर बंद पडला. नवा कॉम्प्रेसर मोफत मिळेल. पण गॅस भरणे, मजुरी, भेटशुल्क आणि त्यावरचा जीएसटी बहुधा तुम्हालाच द्यावा लागेल. बिघाड थर्मोस्टॅट किंवा सर्किट बोर्डाचा निघाला, तर तो खर्च पूर्ण तुमचा. म्हणून कार्डात ‘फक्त सुटा भाग’ असे लिहिले आहे का, ते आधी पाहा.

त्यानंतर वॉरंटी रद्द होण्याच्या अटी वाचा. बाहेरच्या मेकॅनिकने फ्रिज उघडणे, सिरीयल नंबरची पट्टी फाटणे, घरगुती फ्रिज दुकानात वापरणे, विजेचा दाब वरखाली होऊन झालेले नुकसान, ही कारणे नेहमी आढळतात.

दाव्यासाठी तारखेचे बिल, मॉडेल आणि सिरीयल नंबर हाताशी ठेवून कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तंत्रज्ञाकडून बिघाडाचे कारण लिहिलेले जॉबशीट मागा. दावा नाकारला, तर कोणत्या अटीनुसार, ते लेखी घ्या. त्याच कागदांच्या आधारे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार करता येते.