जपानी साहेबाला राजीनाम्याची चिठ्ठी

जपानी कंपनीतला राजीनामा साधारणपणे दोन कागदांत विभागलेला असतो. एक कंपनीसाठी, दुसरा साहेबासाठी. परक्या माणसाची गफलत होते ती दोन्हींचे काम एकाच कागदावर उरकण्यात. आभार, खंत आणि कारणे एकत्र आली, की कंपनीला तो कागद पाल्हाळिक वाटतो आणि साहेबाला कोरडा.

कंपनीसाठीचा अर्ज म्हणजे ‘ताइशोकु-नेगाई’, नोकरी सोडण्याची विनंती. पांढरा कागद, काळी शाई, पांढरे पाकीट आणि मजकूर जेमतेम एका वाक्याचा: वैयक्तिक कारणास्तव अमुक तारखेपासून नोकरी सोडू इच्छितो, तशी नम्र विनंती. ‘वैयक्तिक कारण’ यासाठी ‘इश्शिन्जो नो त्सुगो’ हे ठरलेले शब्द आहेत. खरे कारण पगार असो, आईचे आजारपण असो वा साहेबाचा स्वभाव, कागदावर हेच येते आणि त्याला कोणी लपवाछपवी मानत नाही. अर्ज कंपनीच्या अध्यक्षांच्या नावे असतो आणि त्यांचे नाव स्वतःच्या नावापेक्षा वरच्या जागी लिहितात. ‘ताइशोकु-तोदोके’ मात्र विनंती नसून सूचना असते. विनंती मंजूर होण्याआधी मागे घेता येते, सूचना सहसा येत नाही.

अर्जाआधी तोंडी बोलणे हवे, आणि तेही थेट वरिष्ठाशी, बंद खोलीत. त्याला डावलून मनुष्यबळ विभागाकडे गेले, तर आपल्या माणसाचे मन आपल्यालाच कळले नाही, अशी त्याची सर्वांसमोर शोभा होते. हा अपमान नंतरच्या कितीही गोड चिठ्ठीने पुसत नाही.

आभार आणि खंत यांची जागा दुसऱ्या कागदावर आहे. ही छोटी चिठ्ठी किंवा ईमेल बोलणे झाल्यावर, बहुधा शेवटच्या दिवसांत दिली जाते. समजा, पुण्याचा एक अभियंता नागोयातल्या कारखान्यातली नोकरी सोडतो आहे. त्याचा पहिला मसुदा असा: ‘मला दुसरीकडे चांगली संधी मिळाली आहे. इथे शिकण्यासारखे फारसे उरले नव्हते. तरीही आपल्या मदतीबद्दल आभार.’ यात खोटे काही नसेल, पण दुसरे वाक्य साहेबाच्या शिकवण्यावर ठपका ठेवते आणि ‘तरीही’ने आभारही उणे होतात. नव्या कंपनीचे नाव किंवा पगार आला असता, तर तुलनाच झाली असती.

सुधारलेली चिठ्ठी अशी होईल:

‘कामाच्या धांदलीच्या दिवसांत माझ्या वैयक्तिक कारणाने आपणा सर्वांची अडचण करतो आहे, याबद्दल मनापासून क्षमस्व. पहिल्या वर्षी माझे अहवाल आपण ओळ न ओळ तपासून परत देत होता. त्यामुळेच आज मी ते कोणाच्या मदतीशिवाय लिहू शकतो. हाती घेतलेले काम पूर्ण होण्याआधी जावे लागते, याची खंत आहे. शेवटच्या दिवसापर्यंत हस्तांतरणाची सर्व कागदपत्रे पूर्ण करीन. आपला फार आधार मिळाला.’

यात क्षमा आधी येते, कारण इथे खंत कंपनी सोडण्याची नसून मागे राहणाऱ्यांवर पडणाऱ्या भाराची आहे. आभारासाठी एकच खरा प्रसंग घेतला आहे. ‘आपण थोर मार्गदर्शक आहात’ असल्या स्तुतीपेक्षा तो जास्त पोहोचतो. हस्तांतरणाचे वचन नसेल, तर क्षमायाचना पोकळ ठरते. शेवटचे वाक्य जपानीत ‘ओसेवा नि नारिमाशिता’ या रूढ शब्दांत येते.

जपानीत लिहिताना दोन चुका हमखास होतात. श्रमांबद्दल आभार मानताना ‘गोकुरोसामा’ लिहिणे ही एक. तो शब्द वरिष्ठ कनिष्ठाला वापरतो. दुसरी चूक आदराच्या हव्यासाची: ‘काचो’, म्हणजे विभागप्रमुख, या पदातच मान आहे, त्यापुढे ‘सामा’ जोडला की तो दुहेरी होतो. आडनाव आणि ‘काचो’ एवढे पुरते.

मुदतीबद्दल कायदा आणि रीत यांत अंतर आहे. कराराला ठरावीक मुदत नसेल, तर जपानच्या नागरी संहितेच्या कलम 627 नुसार साधारणपणे दोन आठवड्यांची सूचना पुरते. कंपन्यांच्या नियमांत मात्र बहुधा महिनाभर किंवा जास्त मुदत असते आणि साहेबाचे मन राखायचे असेल तर तीच पाळावी लागते. तो थांबण्याची गळ घालेल, तेव्हाही कारणांची यादी उघडू नये. पगाराचे कारण सांगितले, तर पगारवाढ पुढे येते आणि मग नकार अधिक कठोर वाटतो.

या सौजन्याला एक मर्यादा आहे. कंपनीनेच जायला सांगितले असेल, तर केवळ भिडेखातर ‘वैयक्तिक कारण’ लिहू नये. स्वेच्छेने नोकरी सोडल्याची नोंद झाली, तर बेरोजगारी विम्याची रक्कम मिळायला उशीर होतो आणि ती कमीही होऊ शकते. नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी माणसाला आणखी एक कागद भरायचा असतो: नोकरी सुटल्याची खबर 14 दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला द्यावी लागते.